रात्रभर ओट्यावर राहिलेला मठ्ठा: आंबला की बिघडला?

ताई, रविवारी दुपारी घरी पंधराएक पाहुणे होते. एक लिटर दह्याचा तीन लिटर मठ्ठा केला. त्यात सांबार म्हणजे कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आलं, जिरेपूड, हिंग आणि काळं मीठ घातलं, वरून कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडचा बर्फ. रात्री लिटरभर उरला. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून स्टीलच्या गंजात झाकून ओट्यावरच ठेवला. सकाळी पाहिलं तर वर पाणी, खाली पांढरं, सांबार काळपट, चव आंबटढाण आणि मागे किंचित कडू. वास मात्र ताकाचाच. सासूबाई म्हणाल्या, ताक आंबतं, नासत नाही. नवरा म्हणाला, विष झालं असेल, फेक. चार वर्षांची मुलगी ग्लास घेऊन आली तेव्हा मी घाबरून सगळं मोरीत ओतलं. बरोबर केलं का? आणि पुढच्या वेळी ओळखायचं कसं?
एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ओतलंत ते बरोबर केलंत. पण त्याचं कारण आंबटपणा नव्हे, वर आलेलं पाणी नव्हे आणि काळा पडलेला सांबारही नव्हे. कारण आहे तो बर्फ. तुम्ही वर्णन केलेला मठ्ठा माझ्या मते बिघडलेला नव्हता, नुसता आंबलेला होता. तेवढ्यापुरतं सासूबाईंचं बरोबर. मात्र आंबलेला आणि न बिघडलेला मठ्ठासुद्धा पिण्यालायक नसू शकतो, आणि ते वासावरून कळत नाही.

आधी रात्री गंजात काय झालं ते पाहू. दह्यातले जिवाणू पाणी घातलं म्हणून मरत नाहीत, मठ्ठ्यातही ते जिवंतच असतात. त्यांना तीस ते चाळीस अंशांची ऊब मानवते. मे महिन्यात नागपुरात रात्रीसुद्धा पारा तिशीच्या आसपास असतो आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात त्याहून वर. म्हणजे तुमचा ओटा रात्रभर दही लावायच्या यंत्रासारखा चालू होता. दह्यात दुधाची साखर बरीच शिल्लक असते, साधारण तीन-चार टक्के. तुम्ही दुप्पट पाणी घातल्यावर ती टक्का-सव्वा टक्का उरली. जिवाणूंनी रात्रभर तीच खाऊन लॅक्टिक आम्ल तयार केलं. सकाळी लागलेला आंबटढाणपणा तो हाच.

हा आंबटपणा मठ्ठ्याचा राखणदारही असतो. तो मोजायचं माप म्हणजे पीएच, आणि त्यात आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. दूध 6.6 च्या आसपास असतं, नीट लागलेलं दही 4.5 च्या आसपास, आणि रात्रभर तापलेलं ताक आणखी खाली, 4 च्या जवळ जातं. 4.6 च्या खाली बहुतेक घातक जिवाणूंची वाढ मंदावते किंवा थांबते. पाणी घातल्यावर जिभेला आंबट कमी लागतं, पण पीएच फारसा हलत नाही, कारण आम्ल आणि त्याला सावरून धरणारी प्रथिनं दोन्ही सारखीच पातळ होतात. म्हणूनच दुधाचा चहा ओट्यावर विसरला तर तो सकाळी फेकायचाच असतो, ताकाचं तसं नाही. उन्हाळ्यातली ऊब इथे एका अर्थी मदतच करते. दह्याचे जिवाणू इतक्या भराभर आंबवतात की बाकीच्यांना पाय रोवायला वेळच मिळत नाही.

पण याला एक अट आहे. दही मुळात नीट लागलेलं हवं. विरजण अशक्त होतं, दही अर्धवट लागलं, गोडसर आणि पाणचट राहिलं, आणि त्याचाच मठ्ठा केला, तर राखणदार उशिरा येतो. मधल्या तासांत कोणी काय करून ठेवलं ते नंतरच्या आंबटपणानं पुसलं जात नाही. हातावरच्या फोडातून किंवा शिंकेतून येणारा एक जिवाणू आंबटपणा वाढायच्या आधी असं विष सोडतो की ते उकळूनही जात नाही. तेव्हा गोडसर, नीट न लागलेल्या दह्याचा मठ्ठा उरला तर मी एक तासही ओट्यावर ठेवणार नाही.

आता तुमचा गंज. वर निवळ, पिवळसर-हिरवट पाणी आणि तळाला पांढरा थर ही अगदी सरळ गोष्ट आहे. आम्लात दुधाची प्रथिनं एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. मठ्ठा जितका पातळ तितकं हे लवकर. रवी फिरवली की पुन्हा एकसारखं होतं. कधी ढवळल्यावरही बारीक कणी राहते, तीसुद्धा जास्त आंबल्याची खूण आहे, सडल्याची नाही.

सांबार काळपट होणंही आम्लाचंच काम. पानातला हिरवा रंग आंबटात टिकत नाही, तासा-दोन तासांत खाकी होतो. लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीत सांबाराचं हेच होतं, आणि तिथे आपण घाबरत नाही. पान चोळून पाहा. नुसता रंग गेला असेल आणि पान अजून पानच असेल तर ठीक. बोटाला चिकट, बुळबुळीत लागलं तर मात्र ती कुजायची सुरुवात.

कडूपणाचा संशय मी आल्यावर घेईन. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. प्रथिनांचे काही तुकडे चवीला कडू असतात. दुधात कच्चं आलं घालून ठेवलं तर ते का बिनसतं, याचंही हेच उत्तर. ताजा मठ्ठा पिताना एन्झाइमला वेळ मिळत नाही, रात्रभरात भरपूर मिळतो. पुदिन्याचे देठ कुटून टाकले असतील तर तेही थोडी भर घालतात. अडचण इतकीच की चुकीचे जिवाणू वाढले तरीही प्रथिनं तुटून कडूपणाच येतो, आणि जिभेला या दोन्हींतला फरक कळत नाही. किंचित कडू आणि वास स्वच्छ असेल तर आलं समजा. घोट गिळल्यावरही घशात कडू राहत असेल तर ओतून द्या, तिथे तर्क लढवायची गरज नाही.

खरोखर बिघडलेला मठ्ठा वेगळा दिसतो, आणि तो ढवळायच्या आधी बघायचा असतो, कारण ढवळलं की सगळ्यात मोठी खूण पुसली जाते. झाकण काढून नुसतं वरून आणि कडेनं पाहा. चांगल्या मठ्ठ्यात पांढरं खाली असतं. बिघडलेल्यात ते गोळ्यागोळ्यांनी वर तरंगतं आणि पाणी खाली जातं, कारण आत वायू धरलेला असतो. कडेला बारीक बुडबुड्यांची ओळ असते, आणि हलवल्यावर विझू विझू करत पुन्हा नवे बुडबुडे येतात. बाटलीत भरून ठेवला असेल तर झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. हा यीस्टचा, नाहीतर सांबार-पुदिन्याबरोबर आलेल्या मातीतल्या, शेणातल्या जिवाणूंचा उद्योग. यीस्टचा वास शिळ्या पावासारखा किंवा हलका दारूसारखा असतो. दुसऱ्या प्रकाराचा वास गोठ्याची आठवण करून देतो आणि एकदा आला की विसरता येत नाही.

दोन खुणा आणखी. पृष्ठभागावर कोरडी, सुरकुतलेली पांढरी साय दिसली आणि ती लोण्यासारखी चकचकीत नसेल, तर ती यीस्टची किंवा बुरशीची. बुरशी आंबटपणाच खाते, त्यामुळे राखणदार हळूहळू नाहीसा होतो आणि मग खालचं कोणीही वाढू शकतं. वरची साय काढून खालचं वापरायचं हे म्हणूनच चालत नाही. दुसरी खूण तार. चमच्यानं उचलल्यावर मठ्ठ्याची तार येत असेल तर आधी त्याच दह्याचा उरलेला भाग पाहा. काही विरजणांचं दहीच तारेचं असतं आणि ते निरुपद्रवी असतं. दही साधं आणि मठ्ठा मात्र तारेचा, असं असेल तर फेका.

या सगळ्या खुणा एका रात्रीत दिसतीलच असं नाही. दहा-बारा तासांत मठ्ठा बहुतेक वेळा आंबतो तेवढाच. खेळ पालटतो तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारी, जेव्हा साखर संपत आलेली असते, दह्याचे जिवाणू आपल्याच आम्लानं थकलेले असतात आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. म्हणून तास मोजताना रात्र मोजू नका, मठ्ठा केल्यापासून मोजा. दुपारी बाराला केलेला मठ्ठा सकाळी सातला एकोणीस तासांचा असतो.

आता बर्फाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गोम तिथे आहे. नाक आणि जीभ बिघाड पकडतात, दूषण पकडत नाहीत. टायफॉइडचे, हगवणीचे किंवा काविळीचे जंतू मठ्ठ्यात आले तर ते तिथे वाढून वास मारत नाहीत. ते नुसते बसून असतात. आंबटपणात त्यातले जिवाणू वाढत नाहीत, बरेचसे हळूहळू मरतातही, पण एका रात्रीत सगळे मेले असं धरून चालता येत नाही. विषाणूंचं तर आणखी वेगळं. ‘अ’ काविळीचा विषाणू आपल्या पोटातल्या आम्लातून सहीसलामत पुढे जातो, तो मठ्ठ्याच्या आंबटपणाला काय दाद देणार? आणि ही कावीळ लगेच उमटत नाही, साधारण महिनाभरानं दिसते. तोवर रविवारचा मठ्ठा कोणाच्याही लक्षात नसतो.

गाडीवरचा लादीचा बर्फ बऱ्याचदा पिण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो मासे, फळं आणि बाटल्या गार ठेवायला असतो, पोत्यात गुंडाळून रस्त्यावर ठेवलेला असतो. महाराष्ट्रात 2018 साली खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आला तो याचसाठी. पण फोडून, भुशातून काढून, धुऊन दिलेल्या तुकड्यात फिकट निळा कोणाला दिसतो? तुमच्या मठ्ठ्यात तो तुकडा दुपारीच गेला होता. म्हणजे खरं तर सकाळच्या ग्लासापेक्षा दुपारचा ग्लास कमी धोक्याचा होता असं नाही. हे वाचून आता पाहुण्यांना फोन करू नका, बहुतेकांना काहीच होत नाही. पण पुढच्या वेळी बर्फ घरच्या ट्रेमधला, आरओच्या नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याचा. पंधरा जणांना तो पुरत नसेल तर दही आणि पाणी सकाळपासून फ्रिजमध्ये गार करा आणि बर्फ सोडूनच द्या.

पुस्तकी नियमाबद्दल थोडं. अमेरिकेचा कृषी विभाग सांगतो की नासणारे पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नयेत, आणि तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्या हिशेबानं नवतप्यात नागपुरात जेवणच वाढता येणार नाही. नियम ढोबळ आहे, दूध आणि ताक यांत फरक करत नाही, पण तो मोडायचा तर आपण कशाच्या जिवावर मोडतो आहोत ते माहीत हवं. चांगलं लागलेलं दही, विश्वासाचं पाणी, धुतलेले हात आणि स्वच्छ भांडं हे सगळं असेल तर धडधाकट माणसानं रात्रीचा आंबट मठ्ठा प्यायला माझी हरकत नाही. यातलं एक जरी डळमळीत असेल तर नको. आणि चार वर्षांच्या मुलीला, गरोदर बाईला, घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल किंवा कोणी फार थकलेलं असेल तर त्यांना सगळं उत्तम असलं तरी नको. लहान मुलाला एका दिवसाच्या जुलाबानं, तेही आपल्या उन्हात, वजनाच्या मानानं जितकं पाणी गमवावं लागतं तितकं मोठ्यांना लागत नाही. लेकीला तुम्ही ग्लास दिला नाहीत हा तुमच्या सकाळचा सगळ्यात शहाणा निर्णय.

सासूबाई ज्या ताकाबद्दल बोलतात ते ताकच वेगळं आहे. लोणी काढल्यावर उरलेलं घट्ट ताक, त्यात फक्त चिमूटभर मीठ, कधी तेही नाही. पाणी घातलं तर चमचाभर. त्यात ना कच्चा पाला, ना बाहेरचा बर्फ, ना पंधरा जणांच्या ग्लासांत बुडवलेला एकच ओगराळा. असं ताक उन्हाळ्यातही रात्रभर राहिलं तर खरंच आंबतं तेवढंच, आणि त्याची सकाळी कढी होते. मठ्ठा म्हणजे त्याच ताकात पाणी आणि पाला घालून त्याची राखण पातळ करणं. मसाल्यानं मठ्ठा टिकतो हा समज मला बऱ्याच घरांत दिसतो. जिरं आणि हिंग चवीला आणि पोटाला कितीही चांगले असोत, लिटरला दोन चमचे जिरेपूड घालून काही टिकत नाही. मीठही त्यासाठी अपुरं. लिटरला चहाचा एक चमचा म्हणजे अर्धा टक्का, आणि लोणचं टिकतं ते याच्या कितीतरी पट मिठावर.

तेव्हा करायचं ते असं. तीन लिटर मठ्ठा लागणार असला तरी एकदम करू नका. लिटरभर दही रवीनं घुसळून त्यात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि हिंग घालून घट्टच ठेवा. सांबार, पुदिना, मिरची आणि आलं हे पिण्याच्या पाण्यात दोनदा धुऊन वेगळं वाटून वाटीत ठेवा. मग लागेल तसा एकेक जग तयार करा: एक भाग घट्ट ताक, दोन भाग गार पाणी, वाटण चमचा-दीड चमचा. ढवळायला वेगळा ओगराळा, ग्लास बुडवायचा नाही. मठ्ठा संपला नाही तर उरतो तो अर्धा जग, तीन लिटर नव्हे. घट्ट ताक उरलं तर ते सासूबाईंचंच ताक, आणि ते आंबलं तरी वाया जात नाही.

फ्रिज भरलेलाच असेल तर परातीत चार बोटं पाणी घेऊन त्यात स्टीलचा गंज ठेवा, भोवती ओलं सुती फडकं गुंडाळा, त्याची टोकं पाण्यात सोडा आणि परात कुलरच्या वाऱ्यासमोर आणा. आपली हवा कोरडी असते, पाणी झपाट्यानं उडतं आणि गंज खोलीपेक्षा पाच-सात अंशांनी सहज उतरतो. सकाळपर्यंत ताक आंबेल, पण आंबटढाण होणार नाही. जूनचा पाऊस लागला की ही युक्ती फारशी चालत नाही, हवा ओली असते. तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक रात्रभर राहिलं असेल तर मात्र वास कितीही छान असो, फेका. आम्लानं धातू सुटतो, आणि तो उकळून जात नाही.

कढीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारणार हे दिसतंय. आंबट मठ्ठ्याची कढी करता येते, जर तो नुसता आंबट असेल आणि पाणी-बर्फ घरचा असेल. आधी गाळून पाला आणि आल्याचे तुकडे काढा. लिटरला दोन मोठे चमचे बेसन थंड असतानाच नीट फेटून घ्या, म्हणजे फुटत नाही, मग सतत ढवळत चांगली उकळी येऊ द्या आणि उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं ठेवा. त्यात जिवाणू आणि विषाणू दोन्ही मरतात. गूळ थोडा जास्त घाला, आल्याचा कडूपणा झाकतो. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका, मठ्ठ्यात आधीच आहे. बिघडलेल्या, बुडबुडे आलेल्या मठ्ठ्याची कढी करून तो सुधारत नाही, वास फक्त घरभर पसरतो.

आणि ओतायचाच असेल तर मोरीतच ओता. कढीपत्त्याच्या कुंडीत आंबट ताक घालतात, पण ते बिनमिठाचं. तुमचं काळं मीठ त्या झाडाला सोसायचं नाही.